दोघेही नोकरीवर असताना: लहानग्यासाठी पूर्णवेळ मदतनीस की पाळणाघर?

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत खर्चापासून सुरू होतो आणि ‘माणूस चांगला मिळाला पाहिजे’ या वाक्यापाशी येऊन थांबतो. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण निर्णय त्यांवर होत नाही. ठरवलेली व्यवस्था ज्या दिवशी कोलमडेल त्या दिवशी मुलाजवळ कोण असेल, आणि दिवसभरात काही चुकीचे घडले तर ते कोणाच्या नजरेस पडेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर मांडावीत. पूर्णवेळ मदतनीस आणि पाळणाघर यांतला खरा फरक तिथेच आहे. पुढील मांडणी साधारण दीड वर्षाचे मूल डोळ्यांपुढे ठेवून केली आहे, कारण या वयात मूल चालते, चढते, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि काय झाले ते सांगू मात्र शकत नाही.

पहिली पायरी: दिवसाचे घड्याळ लिहून काढा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मूल १६ महिन्यांचे आहे. आईची कचेरी ९ ते ५:३० असून प्रवासाला ४५ मिनिटे लागतात, म्हणजे ती ८:१५ ला निघते आणि ६:१५ ला परतते. वडिलांची कचेरी १० ते ७ आणि प्रवास अर्ध्या तासाचा. ते ९:३० ला निघतात आणि ७:३० ला येतात. सकाळी सोडण्याचे काम वडिलांनी आणि संध्याकाळी आणण्याचे आईने घेतले, तर मुलाला सुमारे ९:१५ ते ६:१५ असे ९ तास सांभाळ लागतो. घराजवळचे पाळणाघर ६:३० ला बंद होत असेल, तर वरकरणी सारे जमते.

आता यातली फट पाहा. आईच्या हाताशी फक्त १५ मिनिटे शिल्लक आहेत. कचेरीतून निघायला तिला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे उशीर होत असेल, तर ही व्यवस्था आठवड्यातून दोनदा मोडते, आणि वडील ७ च्या आधी सुटू शकत नसल्याने तिला आधार नाही. अशा वेळी ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून प्रवेश घेऊ नये. दोघांपैकी एकाच्या वेळा बदलून घ्याव्यात, किंवा संध्याकाळच्या दीड-दोन तासांसाठी निराळा माणूस पाहावा. पाळणाघर कचेरीजवळ घेण्याचा मोह होतो. पण मग मुलालाही दोन्ही वेळचा प्रवास करावा लागतो आणि अडचणीच्या दिवशी दुसरा पालक तिथे पोहोचू शकत नाही. घराजवळच्या पाळणाघरात दोघांपैकी कोणीही जाऊ शकते, म्हणून माझा कल त्याकडे आहे.

दुसरी पायरी: मोडणारे दिवस मोजा

वर्षात २४० कामाचे दिवस धरा. पाळणाघर तुमच्या कचेरीपेक्षा १२ दिवस जास्त बंद राहते आणि मूल आजारपणामुळे १८ दिवस घरी राहते असे समजा. म्हणजे ३० दिवस उघडे पडले. दुसऱ्या बाजूला, मदतनीस वर्षातून १८ दिवस रजा घेते, ५ दिवस स्वतः आजारी पडते आणि वर्षात एकदा ती काम सोडून नवी मिळेपर्यंत १० दिवस जातात. हे ३३ दिवस झाले. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. बेरीज बहुधा जवळपास सारखीच येते. फरक पडतो तो दिवस कसे येतात यात.

पाळणाघराचे मोडणारे दिवस तुकड्यातुकड्यांनी येतात. इतर मुलांच्या सहवासात पहिले वर्षभर सर्दी, ताप, जुलाब यांची रांग लागते. लहान मुलांना वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी होणे तसेही नवलाचे नसते आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात हे प्रमाण वाढते. बहुतेक पाळणाघरे ताप उतरल्यावर, तोही औषधाशिवाय, २४ तास होईपर्यंत मुलाला घेत नाहीत. उलट्या-जुलाब थांबल्यावर एक-दोन दिवस घरी ठेवायला सांगतात. हा नियम जाचक वाटला तरी तो काटेकोर पाळणारे पाळणाघर चांगले, कारण उद्या दुसऱ्याच्या आजारी मुलापासून तुमचे मूल त्याच नियमामुळे वाचणार असते. प्रवेशापूर्वी लसीकरणाचे कार्ड डॉक्टरांना दाखवून राहिलेल्या लसी पूर्ण करून घ्याव्यात.

मदतनिसाचे मोडणारे दिवस एकगठ्ठा येतात. ती गावी गेली की आठवडाभर नसते, आणि काम सोडते तेव्हा बऱ्याचदा दोन दिवसांच्या सूचनेवर सोडते. म्हणून दोघांनाही तुकड्यांत रजा घेता येत असेल तर पाळणाघर झेपते. रजा मिळणे अवघड, पण अगदी अडल्यास आठ दिवस आजी-आजोबा किंवा अन्य नातलग येऊन राहू शकत असतील, तर मदतनीस झेपते. दोन्ही नसेल तर ‘तिसरा माणूस’ आधीच शोधून ठेवावा लागतो. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने पाळणाघर घेऊन संध्याकाळी ५:३० ते ७:३० साठी एक अर्धवेळ ताई ठेवली आणि मूल आजारी असेल त्या दिवशी तिने जादा मोबदल्यावर दिवसभर यावे असे ठरवले, तर दोन्ही फटी एकाच उपायाने बुजतात. खर्च वाढतो, पण आजारपणाच्या दिवशी मुलाजवळ ओळखीचा माणूस असतो.

आता दुसरा प्रश्न, नजरेचा. पाळणाघरात एकाच खोलीत दोन-तीन मोठी माणसे असतात आणि इतर पालकांची ये-जा असते. एकाचे चुकले तर दुसऱ्याला दिसते. बंद घरात मूल आणि मदतनीस दोघेच असतील, तर तिच्या चांगुलपणालाही साक्षीदार नसतो आणि चुकीलाही नसतो. म्हणून दिवसभर घरात कुटुंबातील कोणीही नसणार असेल आणि मूल अजून बोलत नसेल, तर मी आधी पाळणाघराचा विचार करावा असे म्हणेन. घरी आजी असेल, पण तिला दिवसभर मुलामागे धावणे झेपत नसेल, किंवा दोघांपैकी एक जण काही दिवस घरून काम करत असेल, तर मदतनीस हा उत्तम पर्याय ठरतो. दोन लहान मुले असतील तर खर्चाचे पारडेही बहुधा तिच्याच बाजूला झुकते.

पाळणाघर पाहायला कोणत्या वेळी जावे

संचालक सुचवतात ती वेळ सहसा सकाळी अकराची असते, तेव्हा मुले खेळत असतात आणि सारे काही छान दिसते. ती भेट जरूर घ्यावी, पण तेवढ्यावर प्रवेश घेऊ नये. दुसरी भेट मुले दुपारच्या झोपेतून उठतात तेव्हा, आणि तिसरी शेवटच्या तासात द्यावी. झोपेच्या वेळी कर्मचारी जेवायला जातात आणि खोलीत एकच माणूस उरतो. संध्याकाळी मुले कमी झाली की सगळ्या वयांची मुले एका खोलीत आणली जातात, मग चार वर्षांच्या धावत्या मुलांत तुमचे डगमगत चालणारे मूल सापडते. ढकलाढकली आणि चावे याच तासात अधिक होतात.

किती मुलांमागे किती माणसे, हे विचारू नका, मोजा. खोलीत प्रत्यक्ष मुलांसोबत असलेली माणसेच धरायची. स्वयंपाक करणारी, दारावरची किंवा कार्यालयात बसलेली व्यक्ती त्यात येत नाही. दोन वर्षांखालील तीन-चार मुलांमागे एक मोठे माणूस असणे योग्य. सहा-सात मुलांमागे एक असेल, तर ती कितीही प्रेमळ असली तरी एकाचा डायपर बदलताना बाकीच्यांकडे तिची पाठच असणार.

त्यानंतर डायपर बदलण्याची जागा पाच मिनिटे पाहत राहा. एका मुलाचे आवरल्यावर ती ताई हात साबणाने धुते का, चटई पुसते का, की तसेच पुढचे मूल उचलते? भिंतीवरील स्वच्छतेच्या तक्त्यापेक्षा हे पाच मिनिटांचे दृश्य खरे असते. रडणाऱ्या मुलाकडे पहिल्या मिनिटात कोण जाते आणि खाली वाकून, त्याच्या उंचीला येऊन बोलते का, तेही पाहावे. जेवणाच्या वेळी गेलात तर द्राक्षासारखी गोल फळे उभी चिरून दिली जातात का आणि अख्खे शेंगदाणे वा इतर कडक दाणे टाळले जातात का, एवढे पाहा. या वयात घशात अडकण्याचा धोका मोठा असतो. घशात काही अडकले तर काय करायचे, हे खोलीतील ताईला विचारा, संचालकांना नको. मुलाला पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध थापा मारायच्या, हे तिने न अडखळता सांगितले पाहिजे.

पालकांना पूर्वसूचनेशिवाय केव्हाही आत येऊ देत नाही असे पाळणाघर बाकी कितीही नीटनेटके असले तरी सोडून द्यावे. झोपेत व्यत्यय नको म्हणून त्या वेळी शांतपणे या, एवढी विनंती रास्त आहे. मज्जाव रास्त नाही. कर्मचारी वारंवार बदलतात का, हेही विचारावे. तुमच्या मुलाच्या खोलीतील ताई तिथे किती काळापासून आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगून जाते.

मदतनीस ठेवताना: आधी काम ठरवा, मग माणूस शोधा

इथे सर्वांत जास्त बिघडते ते कामाच्या ओझ्यामुळे. मूल सांभाळायला ताई ठेवली जाते, मग ‘ते झोपल्यावर जरा भांडी’, मग ‘जमलं तर संध्याकाळचा स्वयंपाक’, असे करत तीन माणसांचे काम एकीवर येते. दीड वर्षाचे मूल दुपारी साधारण दोन तास झोपते. नऊ-दहा तासांच्या दिवसात तीच तिची जेवणाची आणि पाठ टेकण्याची वेळ असते. उरलेला सर्व वेळ मूल जागे असते आणि त्याच्यावरून नजर हलवता येत नाही. बादलीत तळाला साचलेल्या थोड्याशा पाण्यातही या वयाचे मूल तोंडावर पडून बुडू शकते. त्या वेळात केर-फरशी आणि घरभराचा स्वयंपाक घातला, तर मूल पडद्यासमोर बसवले जाणार हे ठरलेलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवणेच योग्य नाही, आणि दोन वर्षांच्या मुलांनाही दिवसाला एक तासाहून अधिक नको. संध्याकाळी घर आरशासारखे लखलखीत दिसू लागले की कौतुक करण्याआधी दिवसभर मूल कुठे होते, ते विचारावे.

म्हणून कामाची यादी दोन भागांत लिहावी. मुलाचे जेवण, अंघोळ, त्याचे कपडे आणि त्याची खेळणी ही तिची कामे. घराची कामे दुसऱ्या कोणाकडे, किंवा मूल तुमच्या ताब्यात असेल त्या वेळेत. दोन्ही एकाच व्यक्तीकडून हवी असतील तर मुलाखतीतल्या गोड शब्दांवर विसंबू नये, तिच्याशी तासांचे गणित मांडून बोलावे.

मुलाखतीत ‘मुलांची आवड आहे का’ असे विचारून काही कळत नाही. प्रसंग सांगून विचारावे. ‘ताई, बाळाने दोन घास खाऊन तोंड फिरवले, तर तुम्ही काय कराल?’ ‘भरवतेच मी, माझ्यापुढे कोणी उपाशी राहत नाही’ हे उत्तर ऐकायला प्रेमाचे वाटते, पण त्यात जबरदस्ती असते. ‘थोड्या वेळाने पुन्हा देऊन बघेन, नाहीच खाल्ले तर तुम्हाला सांगेन’ हे उत्तर कामाचे. दुसरा प्रसंग पडण्याचा: ‘बाळ पलंगावरून पडले, रडून शांत झाले, खूण काही दिसत नाही, आम्हाला फोन कराल का?’ इथे ती क्षणभर थांबून तुमच्या चेहऱ्याकडे पाहील, आणि ते स्वाभाविक आहे, कारण आधीच्या घरी अशा फोनवर बोलणी खाल्लेली असू शकतात. तेव्हाच स्पष्ट सांगावे की पडल्याचे सांगितले म्हणून या घरात कोणी रागावणार नाही, लपवले तर मात्र काम राहणार नाही. आणि मग तो शब्द पाळावा. पहिला कप फुटल्यावर जे घर आवाज चढवते, त्या घराला पुढचे पडणे कळत नाही. डोक्याला मार लागल्यानंतर वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल नेहमीपेक्षा जास्त पेंगू लागले, तर ताबडतोब दवाखाना, हे तिला आणि घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

आधीच्या घराकडे चौकशी करताना ‘कशी आहे’ असे विचारले की ‘चांगली आहे’ एवढेच ऐकू येते. ‘तुमचे मूल तेव्हा किती महिन्यांचे होते, दुपारी ती त्याला कसे झोपवायची, शेवटच्या दिवशी काय झाले’ असे विचारा. खरोखर ज्यांच्याकडे तिने काम केले त्यांना हे आठवते. केवळ ओळखीखातर शिफारस करणारा इथे गडबडतो. शेवटी एकच विचारावे, ‘पुन्हा गरज पडली तर तुम्ही हिलाच ठेवाल का?’ उत्तरापूर्वीचा विराम नीट ऐकावा.

ओळख पटवण्यासाठी कागदपत्रांची प्रत घ्यावी, मूळ कागद तिच्याकडेच राहू द्यावेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी २०११ मध्ये स्वीकारलेला १८९ क्रमांकाचा करार हेच सांगतो. आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती आणि कामाच्या अटी समजतील अशा रीतीने कळवणे, तेही शक्य तिथे लेखी करारपत्राने, हेही त्यात आहे. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहून एका पानाचे करारपत्र करावे: कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पगाराची तारीख, भरपगारी रजा, जादा तासांचा दर, उचल दिल्यास ती कशी फिटणार आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची सूचना. सूचनेचा काळ महिनाभराचा असावा, आणि तो पाळल्यास शेवटी काही जादा रक्कम देण्याचे त्यात लिहावे. तोंडी विनवणीपेक्षा हे उपयोगी पडते.

घरात कॅमेरा लावणार असाल तर पहिल्याच दिवशी तो कुठे आहे ते दाखवावे, आणि ती विश्रांती घेते किंवा कपडे बदलते तिथे लावू नये. आणखी एक नियम लिहूनच ठेवावा: तुम्हाला विचारल्याशिवाय कोणतेही औषध नाही, सर्दीखोकल्याचेही नाही, कारण त्यांतल्या काहींनी मूल गुंगते.

सोडवण्याचे दिवस

साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात आईवडिलांपासून दूर होण्याची भीती सर्वाधिक असते, त्यामुळे १६ व्या महिन्यात पाळणाघर सुरू करणाऱ्यांनी रडणे गृहीतच धरावे. जर्मनीत रूढ असलेली ‘बर्लिन पद्धत’ यासाठी चांगली आहे. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत खोलीत तासभर बसतात आणि अजिबात निघून जात नाहीत. मूल इकडेतिकडे जाते, परत येऊन मांडीला हात लावते, पुन्हा जाते. पालकाने फक्त तिथे असायचे, मोबाईलमध्ये डोके घालायचे नाही. चौथ्या दिवशी मुलाला सांगून काही मिनिटे बाहेर जायचे. रडणारे मूल तिथल्या ताईने उचलल्यावर शांत होत असेल, तर तो वेळ अर्ध्या तासापर्यंत नेऊन पुढे दररोज वाढवता येतो; तिच्याकडून शांत होत नसेल तर लगेच परत यायचे आणि आणखी काही दिवस सोबत बसायचे. चौथा दिवस सुट्टीनंतरचा पहिला दिवस येत असेल तर बाहेर जाणे एक दिवस पुढे ढकलतात, कारण मधल्या सुट्टीत मूल पुन्हा घराला चिकटलेले असते. एकूण दोन ते तीन आठवडे धरावेत आणि रजा त्या हिशेबाने काढावी.

मूल खेळात गुंतलेले पाहून गुपचूप सटकणे सोपे असते. पण मग मूल पुढचे कित्येक दिवस खेळात रमतच नाही. ते दाराकडे पाहत राहते. ‘आई आता जाते, झोप झाली की येते’ असे सांगून, ते रडले तरी जावे.

नव्या मदतनिसाच्या बाबतीतही हेच, फक्त जागा बदलते. पहिला आठवडा एका पालकाने घरी राहावे. पहिले दोन दिवस ताईने पाहावे, पुढचे दोन दिवस तिने करावे आणि तुम्ही पाहावे, पाचव्या दिवशी तुम्ही तासभर बाहेर जाऊन या. त्यानंतरच्या पंधरवड्यात आठवड्यातून एकदा, न ठरलेल्या वेळी, लवकर घरी या. हे तिला आधीच सांगून ठेवले तर त्यात अपमान वाटत नाही.

पहिल्या महिन्यात काय पाहायचे

सोडताना रडणे ही चिंतेची खूण नव्हे. पाच-दहा मिनिटांत ते थांबते का, हे महत्त्वाचे. ते ताईला विचारा, किंवा दाराबाहेर थांबून ऐका. संध्याकाळी तुम्हाला पाहून मूल रडू लागले तर तेही चालते, दिवसभर धरून ठेवलेले ते तुमच्याकडे सोडते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतरही ते ताईच्या कडेवर जायला ताठ होत असेल, जेवण आणि झोप दोन्ही उतरलेली असतील, मांडीवर वा दंडाच्या आतल्या बाजूला वळ दिसत असतील आणि खुलासा दरवेळी वेगळा मिळत असेल, किंवा संध्याकाळी ते विनाकारण गुंगलेले वाटत असेल, तर थांबू नये. गुडघे-कपाळावरचे खरचटणे चालत्या मुलाला होतेच. पाठ, पोट, कान इथल्या खुणांना मात्र कारण विचारलेच पाहिजे. वळ किंवा गुंगी दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि मुलाला दुसऱ्या दिवशी परत तिथे पाठवू नये.

एवढे गंभीर काही नसेल आणि केवळ जमत नसेल, तर बदल शांतपणे करावा. जुन्या ताईचा पूर्ण हिशेब चुकता करावा, शक्य असल्यास तिचे आणि नव्या ताईचे दोन-तीन दिवस एकत्र ठेवावेत, म्हणजे झोपवण्याची सवय आणि जेवणाच्या खोडी एकीकडून दुसरीकडे जातात. मुलालाही निरोप घेऊ द्यावा. दीड वर्षाच्या मुलाला ‘टाटा’ कळतो, अचानक नाहीसे होणे कळत नाही.